पन्नाशीचा हिशेब, कॅलेंडरच्या पाठीवर

भाऊजी पन्नास पूर्ण झाले त्याच्या पुढच्या रविवारी ताईने मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर तिने कपाटातून एक स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. फराळाचा असेल म्हणून मी झाकण उघडलं, तर आत कागद. दोन विमा पॉलिसी, दीड लाखाच्या मुदत ठेवीची पावती, गृहकर्जाचं पत्र, पीएफच्या पासबुकाचा छापील कागद आणि मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीच्या पावत्यांचा जुडगा. "तू लोकांचे हिशेब करतोस ना, आता घरचा कर," ताई म्हणाली. भाऊजी टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाले, "त्यात बघण्यासारखं काही नाही रे. म्हणूनच तर तो डब्यात आहे."

भाऊजी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. अठ्ठाविसाव्या वर्षी लागले ते तिथेच राहिले. कंपनीत निवृत्ती 58 व्या वर्षी. हातात पगार येतो 62,000. त्यातले 16,500 घराच्या हप्त्याला जातात आणि तो हप्ता अजून चार वर्षं आहे. घरखर्चाला 28,000, मुलांच्या शिक्षणाला 10,000, दोन पॉलिसींना महिन्याकाठी 4,000. उरतात साडेतीन हजार, ते कुठे जातात हे दोघांनाही सांगता येईना. पीएफमध्ये 6 लाख 40 हजार. बावीस वर्षांच्या नोकरीच्या मानाने हे फार कमी वाटतं, पण एकदा घरासाठी आणि एकदा आईच्या आजारपणात त्यातून पैसे काढलेले होते. उधळपट्टी म्हणावी असं त्या घरात काही दिसत नाही. अशी घरं सातपूर-अंबडकडे गल्लोगल्ली आहेत, पिंपरीत आहेत, वाळूजला आहेत.

अशा वेळी माणसं पहिला प्रश्न विचारतात तो "पैसे कुठे टाकू?" हा. भाऊजींनीही तोच विचारला. मी म्हटलं, तो प्रश्न चौथा. आधी किती लागणार ते बघू. त्यासाठी बँकेचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि त्याची कोरी पाठ वर केली.

इथे एक सोय करून घेतली की हिशेब शाळकरी पोरालाही जमतो. महागाई वर्षाला सहा टक्के धरा. सुरक्षित गुंतवणुकीवर सात-आठ टक्के मिळतात. म्हणजे व्याजाचा बराचसा भाग महागाई खाते आणि हाती उरतो तो एक-दोन टक्के. पंचविशीत सुरुवात करणाऱ्याला पस्तीस वर्षं मिळतात, त्याला हा फरक पुष्कळ देऊन जातो. आपल्याकडे आठ वर्षं आहेत. तेव्हा पहिल्या फेरीत व्याज आणि महागाई एकमेकांना फिटले असं समजायचं आणि सगळा हिशेब आजच्या रुपयांत मांडायचा. अट एकच, पगार वाढेल तशी बचतही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे.

आता मांडणी. निवृत्तीनंतर हप्ता नाही, मुलांची फी नाही. राहतो घरखर्च, 28,000. भाऊजींना ईपीएसचं पेन्शन मिळेल. ते निघतं पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर या सूत्राने, आणि हा पगार 15,000 च्या वर धरत नाहीत. सप्टेंबर 2014 पूर्वी ती मर्यादा 6,500 होती, त्यामुळे आधीच्या वर्षांचं पेन्शन त्या दराने येतं. सगळं मिळून त्यांना साडेपाच हजारांच्या आसपास बसेल. पण ही रक्कम कायमची तीच राहते, महागाईबरोबर वाढत नाही. आठ वर्षांनी मिळणाऱ्या साडेपाच हजारांची किंमत आजचे साडेतीन हजार, आणि पुढे ती घसरतच जाणार. म्हणून मी सरासरी 2,000 धरले. राहिले महिन्याला 26,000, वर्षाला 3 लाख 12 हजार. अठ्ठावन्न ते पंच्याऐंशी ही सत्तावीस वर्षं. गुणाकार केला, 84 लाख.

समोरच्या रकान्यात जमा. पीएफचे आजचे 6.4 लाख. पुढच्या आठ वर्षांत भाऊजींचे 3,600 आणि कंपनीचे 2,350 मिळून दरमहा 5,950 पडतील, त्याचे 5.7 लाख. (कंपनीही 3,600 च भरते, पण त्यातले 1,250 पेन्शनच्या खात्यात जातात. पगाराची चिठ्ठी पाहून आपले पैसे दुप्पट होतायत असं समजणारे पुष्कळ भेटतात.) ग्रॅच्युइटी म्हणजे मूळ पगाराला सव्वीसने भागून पंधरा दिवसांचे पैसे, गुणिले वर्षं. 30,000 मूळ पगारावर तीस वर्षांचे 5.2 लाख. एकूण 17.3 लाख. दीड लाखाची ठेव मी मोजली नाही, ती अडीअडचणीसाठी तशीच राहू दे.

84 मधून 17 गेले, 67 लाखांची तूट. आठ वर्षांच्या शहाण्णव महिन्यांत ती भरायची तर महिन्याला सत्तर हजार बाजूला टाकावे लागतील. पगार बासष्ट.

भाऊजी हसले. ताई नाही हसली.

बहुतेक घरांत वही इथेच मिटते. याच क्षणी कुणीतरी ओळखीचा माणूस "बारा-पंधरा टक्के सहज सुटतात" असं सांगत येतो आणि त्याचं खरं वाटायला लागतं. म्हणून तो हिशेबही लगेच करून दाखवला. समजा महिन्याला 12,000 आठ वर्षं टाकले. आठ टक्क्यांनी त्याचे 16 लाख होतील, बारा टक्क्यांनी 19 लाख. फरक तीन लाखांचा, तोही आठ वर्षांनंतरच्या रुपयांतला. आजच्या रुपयांत दोन लाखांच्या आत. आणि बारा टक्के मिळतीलच याची हमी कुणी देत नाही. उलट भाऊजींनी एकच वर्ष जास्त काम करून घरखर्च भागवला, तर सत्तावीसऐवजी सव्वीस वर्षांची सोय करावी लागेल. म्हणजे 3 लाख 12 हजार एका फटक्यात वाचले. आठ वर्षं बाजाराच्या मागे धावून जे मिळेल त्याहून जास्त एका वर्षाच्या कामाने मिळतं. पन्नाशीत सुरुवात करणाऱ्यासाठी सगळ्या योजनेचा कणा हाच आहे, आणि गुंतवणुकीच्या जाहिराती त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काम केल्याबद्दल कुणाला कमिशन मिळत नाही.

तर योजना उलट्या बाजूने बांधली. आधी थांबायचं वय, मग खर्च, मग बचत, आणि शेवटी पैसे कुठे टाकायचे ते.

वय 63 धरलं. अठ्ठावन्नला कंपनी निरोप देईल, पुढची पाच वर्षं भाऊजींनी आजच्या भावाने महिन्याला पंचवीस हजार मिळतील असं काम करायचं. बचत करायची नाही, फक्त साठवलेल्या पैशाला हात लावायचा नाही. सुपरवायझरला असं काम मिळतं. कारखान्याला सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपं असतात, त्यांना तपासणी समजणारा माणूस हवा असतो. स्टोअर, सुरक्षा, नव्या पोरांना मशीनवर शिकवणं, ही कामं असतात. पण ती अठ्ठावन्नाव्या वाढदिवसानंतर शोधायला निघालं तर मिळतीलच असं नाही. दोन-तीन वर्कशॉपवाल्यांशी पंचावन्नच्या आत बोलणं व्हायला हवं आणि संगणकावर तपासणीचे अहवाल स्वतः भरता यायला हवेत. आज भाऊजी ते एका पोराकडून भरून घेतात. उभ्याचं काम असल्याने गुडघे सांभाळणंही याच योजनेत आलं. शरीर साथ देईलच असं धरून चालता येत नाही, म्हणून पर्यायी वाट ठेवावी लागते. तिच्याकडे पुढे येतोच.

खर्च. ताईने स्वतःच 28 चे 25 केले. कुठून, ते मी विचारलं नाही. मोबाईलचे चार रिचार्ज आणि दर शनिवारचं बाहेरचं खाणं एवढं कानावर आलं. ही कपात दोनदा उपयोगी पडते. आज दरमहा तीन हजार सुटतात आणि निवृत्तीनंतर लागणारी रक्कमही खाली येते. 25,000 मधून पेन्शनचे 2,000 वजा, म्हणजे महिन्याला 23,000, वर्षाला 2 लाख 76 हजार. त्रेसष्ट ते पंच्याऐंशी ही बावीस वर्षं. 84 लाखांचा आकडा 60.7 लाखांवर आला, आणि अजून एक रुपयाही कुठे गुंतवलेला नाही.

बचत मात्र एकसारखी होणार नाही, दोन टप्प्यांत होईल. पहिली चार वर्षं ओढाताणीची. खर्चातले तीन हजार, गळणारे साडेतीन हजार आणि एका पॉलिसीचे तीन हजार असे 9,500. ताई ब्लाउज शिवते, त्यातून महिन्याला पाच-सहा हजार सुटतात. तिने त्यातले अडीच देऊ केले. झाले 12,000. चार वर्षांत 5.76 लाख.

पॉलिसीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक डब्यांत ती असतेच. एक पॉलिसी दोन वर्षांत संपणार होती, तिचा हप्ता चालू ठेवला. शेवटाला येऊन मोडण्यात नुकसान असतं. दुसरी वीस वर्षांची, सहा लाखांची, वर्षाला 36,000 हप्ता, नऊ हप्ते भरलेले. ती मोडली तर भरलेल्यापेक्षा बरंच कमी हातात आलं असतं. म्हणून ती मोडली नाही, 'पेड-अप' केली. म्हणजे यापुढे हप्ता भरायचा नाही. विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते, वीसपैकी नऊ म्हणजे 2 लाख 70 हजार, आणि ती आतापर्यंत जमलेल्या बोनससह मूळ मुदतीलाच मिळते. भाऊजींचा आक्षेप होता, "टॅक्स वाचतो ना त्याने." वाचत नाही. ते नव्या करप्रणालीत आहेत. तिथे विम्याच्या हप्त्याची वजावट नाहीच, आणि 2025-26 पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करही नाही. दरवर्षी मार्चमध्ये कर वाचवायला म्हणून पॉलिसी घेण्याचं कारण अशा पगारदारासाठी संपलेलं आहे. मृत्यूनंतरच्या संरक्षणाचं काय, तर नोकरी चालू असेपर्यंत पीएफला जोडलेला ईडीएलआय विमा आहे, सात लाखांपर्यंतचा. याबद्दल भाऊजींना काहीच माहीत नव्हतं.

दुसरा टप्पा चौपन्नाव्या वर्षी सुरू होतो. घराचा हप्ता संपलेला. मुलगा आज दुसऱ्या वर्षाला आहे, तो तोवर कमावता. मुलगी आज बारावीत, तिची पदवी तेव्हा होईल. पगारातून पंचवीस हजार खर्च गेला की 37,000 मोकळे होतात. सगळी योजना या चार वर्षांवर उभी आहे आणि सगळ्या योजना मोडतातही इथेच. हप्ता संपला की गाडी येते, स्वयंपाकघर नवं होतं, लग्न ठरतं. म्हणून 37 मधले 30 बचतीला आणि 7 मोकळे ठेवले. त्या सात हजारांचे चार वर्षांत साडेतीन लाखांच्या जवळपास होतात. लग्नाला आपल्याकडून द्यायचे ते एवढेच, असं त्याच दिवशी ठरवून टाकलं. यावर घरात बराच वेळ बोलणं चाललं, ते इथे सांगत नाही. मुलाच्या उरलेल्या फीसाठी मात्र पीएफला हात न लावता शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं. साडेसात लाखांपर्यंत ते तारणाशिवाय मिळू शकतं आणि फेड शिक्षण संपल्यावर सुरू होते.

तीस हजारांचे चार वर्षांत 14.4 लाख. आता बेरीज: आधीचे 17.3, पहिल्या टप्प्याचे 5.76, दुसऱ्याचे 14.4, दोन्ही पॉलिसींचे मिळून आजच्या भावाने साडेतीन लाख. झाले 41 लाख. गरज 60.7 ची. वीस लाख अजून कमी.

आता व्याज आत घ्यायचं. मघाशी ते शून्य धरलं होतं, कारण आधीपासून व्याजावर विसंबलं की खर्च आणि वय या दोन गोष्टींकडे कुणी बघत नाही. महागाईपेक्षा दोन टक्के जास्त मिळाले असं धरलं, तर त्रेसष्टाव्या वर्षी लागणारी रक्कम 60.7 ऐवजी 48.7 लाख होते, कारण उरलेली रक्कम काढून घेईपर्यंत वाढत राहते. आणि जमलेले 41 लाख तोवर 48.4 लाख होतात. जेमतेम जमलं. सत्तर हजारांपासून सुरुवात करून आम्ही इथवर आलो तेव्हा चहा गार झाला होता.

आता चौथा प्रश्न, पैसे कुठे? पगारदाराला पहिली जागा त्याच्याच पीएफमध्ये आहे. ठरलेल्या बारा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम स्वतःहून कापून घेता येते, तिला व्हीपीएफ म्हणतात. व्याज पीएफइतकंच, 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. स्वतःचा भरणा वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर व्याजावर कर नाही. भाऊजींचे 3,600 आधीच जातात, म्हणजे आणखी सतरा हजारांपर्यंत जागा आहे. पहिल्या टप्प्यात 7,000, दुसऱ्यात 17,000. पैसा हातात येण्याआधीच कापला जातो, हा यातला मोठा फायदा. कंपनीने पैसे खरोखर भरले का, हे मात्र दर तीन महिन्यांनी पासबुकात पाहायचं.

दुसरी जागा पीपीएफ. तिथे एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहेत, करमुक्त. पंधरा वर्षांची मुदत ऐकून पन्नाशीतली माणसं दचकतात, पण मुदत खातं उघडल्यापासून मोजतात, पैसे भरल्यापासून नाही. आज पाचशे रुपयांत खातं उघडून ठेवायचं, दरवर्षी पाचशे भरून ते जिवंत ठेवायचं आणि चौपन्ननंतर महिन्याला आठ हजार टाकायचे. पासष्टीला ते पैसे मोकळे होतात, नेमके लागायला लागतात तेव्हा.

उरलेले पाच हजार दोन्ही टप्प्यांत शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या साध्या इंडेक्स फंडात, एसआयपीने. या वयात शेअर कशाला, असं ताईने विचारलं. कारण हा पैसा पंचाहत्तरीनंतर लागणार आहे, म्हणजे पंचवीस वर्षांनी. पण त्रेसष्ट ते अडुसष्टमध्ये लागणारा पैसा तिथे नको. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात नऊ हजारांच्या खाली. त्या वर्षी निवृत्त होऊन तिथलेच पैसे काढावे लागणाऱ्याचं काय झालं असेल, ते डोळ्यांसमोर आणलं की भाग तेवढाच का ठेवायचा हे कळतं. फ्युचर्स-ऑप्शन्सचं तर नावच नको. सेबीने 2024 मध्ये तीन वर्षांचे आकडे जाहीर केले, त्यात 93 टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात होते. भाऊजींच्या शिफ्टमध्येच दोघं आहेत.

ज्यांना पीएफच नाही, दुकानदार, रिक्षावाले, घरगुती उद्योग करणारे, त्यांना व्हीपीएफ बंद आहे, आणि अटल पेन्शनचं दार चाळिशीनंतर बंद होतं. त्यांनी पीपीएफ पूर्ण भरावं, वर्षाला दीड लाखांपर्यंत, आणि त्यानंतर एनपीएस पाहावं. तिथे सत्तराव्या वर्षापर्यंत प्रवेश आहे. एनपीएसमधली काही रक्कम शेवटी पेन्शनमध्येच अडकवावी लागते, हे धरून चालायचं. ज्याला काहीच आवरत नाही त्याच्यासाठी ते बरंच आहे.

निवृत्तीनंतरची मोठी रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. मर्यादा माणशी 30 लाख, दर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के, तिमाही व्याज. एकदा ठेवलं की पाच वर्षं तोच दर. यात एक चूक सर्रास होते. 30 लाखांवर महिन्याला 20,500 येतात आणि माणूस ते सगळे खर्च करतो, मुद्दल शाबूत आहे या समाधानात. पण दहा वर्षांनी त्या मुद्दलाची खरेदी जवळपास निम्मी झालेली असते. सुरुवातीची वर्षं त्या व्याजातला काही भाग परत साठवायलाच हवा.

आणखी एक सांगायला हवं, कारण नाशिक-नगरकडे हे वारंवार होतं. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे, 2020 पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्थेचा चेअरमन आपल्या गल्लीतला असणं म्हणजे विमा नव्हे. ग्रॅच्युइटी आणि पीएफची रक्कम एकदम हातात येते त्या महिन्यात पतसंस्थेवाले, विमावाले आणि "महिना तीन टक्के" देणारे असे सगळे घरी येतात. त्यांच्यासाठी ताईला एकच वाक्य देऊन ठेवलंय, "सहा महिने पैसे बचत योजनेत राहू देत, मग बोलू."

आजारपण हा या हिशेबाला सर्वांत मोठा धोका. भाऊजींचं पीएफ आधी एकदा त्यातच गेलं होतं. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, आणि अठ्ठावन्नला नवा घ्यायला गेलं तर रक्तदाब-साखर आधीपासूनची म्हणून थांबावं लागतं. हा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. म्हणून कंपनीचा विमा चालू असतानाच स्वतःचा घ्यायचा, म्हणजे निरोप मिळेपर्यंत तीन वर्षं निघून गेलेली असतात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. हप्ता ताईच्या शिलाईतून जाईल. अर्जात साखर लपवायची नाही. एजंट सांगेल "लिहू नका", पण दावा फेटाळला जातो तेव्हा तो नसतो. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण उत्पन्नाची अट न घालता मिळतं, ते जोडीला राहील.

आता ती पर्यायी वाट. गुडघे बोलले, काम साठीलाच थांबलं, किंवा ताई पंच्याऐंशीच्या पुढे जगली (ती चार वर्षांनी लहान आहे, म्हणजे शक्यता चांगलीच), तर काय? त्यांचं घर रो-हाऊस आहे. जिना आतून आहे. तो बाहेरून काढला तर वरचा मजला सुटा होतो. त्या भागात अशा मजल्याला आज सहा हजार भाडं मिळतं. बावीस वर्षांचे पावणेसोळा लाख होतात, आणि मुख्य म्हणजे भाडं महागाईबरोबर वाढतं, पेन्शनसारखं जागीच राहत नाही. साठीला काम थांबलं तर तीन वर्षांच्या खर्चाचा जो खड्डा पडेल तो यातून भरून वर काही उरतं. ताईला भाडेकरू नकोत. "माझ्या डोक्यावर कुणी धपधप चालणार?" मी आग्रह केला नाही. जिन्याचा खर्च किती येतो तेवढं गवंड्याला विचारून ठेवा म्हटलं, आणि तो आकडा कॅलेंडरवर कोपऱ्यात लिहून ठेवला.

ही योजना नीट चाललीय की नाही हे कळायला दरवर्षी एकच दिवस पुरतो. भाऊजींच्या वाढदिवसाला पीएफ, पीपीएफ आणि फंड या तिन्हींची बेरीज करायची आणि तिला त्या वर्षीच्या, पेन्शन वजा केलेल्या घरखर्चाने भागायचं. उत्तर म्हणजे किती वर्षांची सोय झाली. आज 6.4 लाख भागिले 2.76 लाख, सव्वादोन वर्षं. चौपन्नला साडेपाच-सहाच्या आसपास असायला हवं, अठ्ठावन्नला ग्रॅच्युइटी धरून पंधरा-सोळा. लाखांचे आकडे महागाईने फुगतात आणि फसवतात. वर्षांचा आकडा फसवत नाही. चौपन्नला तो चारच्या खाली असेल तर गळती पहिल्या टप्प्यात झाली, आणि मग त्रेसष्टचं वय पासष्ट करावं लागेल. ते त्याच दिवशी करायचं, पुढे ढकलायचं नाही.

वाचकांपैकी कुणाच्या कपाटात असा डबा असेल तर आज रात्री त्यातला एकच कागद काढा, पीएफचं पासबुक. मग पीएफच्या खात्यात नोकरीला लागल्याची तारीख बरोबर आहे का, जुन्या कंपनीचं खातं जोडलं गेलंय का आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे, एवढं बघा. भाऊजींच्या खात्यात वारस म्हणून अजून त्यांच्या वारलेल्या आईचं नाव होतं.